स्लॅबचं घर रात्री का तापतं? माणदेशातल्या घरासाठी जाड भिंत आणि इन्सुलेशन यांचा हिशोब

आटपाडी, दहिवडी, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्यात नवं घर बांधलेल्या माणसाला एप्रिलमध्ये विचारा, तो दुपारपेक्षा रात्रीचीच तक्रार जास्त करेल. दहा वाजता बाहेर अंगणात वारं सुटलेलं असतं आणि आत छताखाली बसवत नाही. मग सल्ले सुरू होतात. घरातली वडीलधारी म्हणतात, जुन्यासारखी दीड हात जाड भिंत घालायला हवी होती. दुकानदार म्हणतो, आतून थर्माकोल मारा. दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, पण कुठलाही एक जसाच्या तसा उचलला तर पैसे जातात आणि घर तापायचं ते तापतंच. आमच्या आटपाडीकडच्या घरात मी हे मोजून, बदलून पाहिलं आहे. तुम्ही कुठून सुरुवात करावी ते इथे क्रमाने सांगतो.

एक मर्यादा आधीच सांगतो. हे सगळं कोरड्या पूर्व भागासाठी आहे, जिथे उन्हाळ्यात दुपार ३८ ते ४० अंशांची आणि पहाट बावीस-तेवीसची असते. पाटण, कोयना, महाबळेश्वरच्या बाजूला घर असेल तर तिथला प्रश्न पावसाचा आणि ओलीचा आहे. हा हिशोब तिथे लावू नका.

काय लागेल

- वायरवाला डिजिटल थर्मामीटर, किमान-कमाल तापमान लक्षात ठेवणारा. दोन असले तर बरं.
- पृष्ठभागाचं तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन, कारखान्यात वापरतात ती.
- मोजपट्टी, वही, होकायंत्र (मोबाइलमधलं चालेल).
- घराचा आराखडा आणि स्लॅबच्या डिझाइनचा कागद. तो नसेल तर स्लॅब बघून सांगणारा इंजिनिअर.

१. आधी चार वेळा मोजा

सकाळी सहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा या चार वेळा चार नोंदी करा: बाहेर सावलीत हवा, खोलीत हवा, छताची आतली बाजू आणि पश्चिमेच्या भिंतीची आतली बाजू. तीन-चार दिवस सलग केलंत की चित्र स्पष्ट होतं. एका दिवसावर जाऊ नका. जड घर आजच्या उन्हाबरोबर काल-परवाचं ऊनही धरून बसलेलं असतं.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. करोनाच्या काळात घरात आलेली ताप मोजायची गन इथे चालत नाही. ती माणसाच्या अंगासाठी बनवलेली असते, साठ अंशांचा स्लॅब तिला कळत नाही. दुसरं म्हणजे चकचकीत पत्र्यावर कुठलीही इन्फ्रारेड गन खोटं, म्हणजे कमी तापमान दाखवते. पत्र्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा, तो पत्र्याइतका तापू द्या आणि मग त्या पट्टीवर नेम धरा.

२. आकडे वाचायला शिका

आमच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीचे आकडे घेऊ. पाच इंची स्लॅब, नऊ इंची विटांच्या भिंती, वर काहीही नाही, रात्री खिडक्या बंद. एप्रिलमधल्या नेहमीच्या दिवशी साधारण असं दिसायचं:

- सकाळी ६: बाहेर २३, खोलीत ३०, छत ३१
- दुपारी २: बाहेर ३९, खोलीत ३४, छत ३८
- संध्याकाळी ६: बाहेर ३६, खोलीत ३६, छत ४२
- रात्री १०: बाहेर २९, खोलीत ३५, छत ३९

ऊन सगळ्यात कडक दुपारी बारा ते दोनमध्ये असतं, पण छताची आतली बाजू सर्वांत गरम होते संध्याकाळी. उष्णतेला काँक्रीटमधून खाली यायला वेळ लागतो. पाच इंची स्लॅबला सुमारे तीन तास, नऊ इंची विटेच्या भिंतीला सहा ते सात, दीड फुटी दगडी भिंतीला अकरा-बारा तास. पत्र्याला शून्य.

आता पश्चिमेची भिंत घ्या. तिच्यावर सर्वांत जास्त ऊन चारच्या सुमाराला असतं. त्यात सहा-सात तास मिळवा. नऊ इंची विटेची भिंत आतून सर्वांत गरम होते रात्री दहा-अकराला, म्हणजे नेमकी तुम्ही तिच्याकडेला पलंग टाकून आडवे होता तेव्हा. सहा इंची भरीव सिमेंट ब्लॉक असेल तर तीच वेळ आठच्या आसपास येते. जुन्या दीड फुटी भिंतीची लाट पहाटे तीन-चारला आत पोचते. तोवर ती इतकी मंदावलेली असते आणि बाहेर इतकं गार झालेलं असतं की कुणाला कळतही नाही. जाड भिंतीची ख्याती यातून आली आहे. ती उष्णता अडवत नाही. ती उशीर करते आणि चढ-उतार सपाट करते.

आमच्याच आवारातल्या जुन्या दगडामातीच्या खोलीत त्याच दिवसांत पहाटे २८, दुपारी ३०, रात्री ३१ असायचे. चोवीस तासांत तीन अंशांचा फरक. पण हे ३० कुठून आले ते बघा. बाहेरची दुपार ३९ आणि पहाट २३, त्यांचा मध्य ३१. खूप जड घर सोडून दिलं तर ते बाहेरच्या दिवसरात्रीच्या सरासरीशी येऊन थांबतं. त्याच्या खाली जायचं असेल तर रात्रीची हवा मुद्दाम आत घ्यावी लागते. भिंत आणखी दोन हात जाड करून ते होत नाही.

जाडीलाही मर्यादा आहे. दिवसाची लाट विटेत ठळकपणे चार-पाच इंचच शिरते, त्यापुढे भराभर विरते. म्हणजे खोलीतली ऊब किंवा गारवा रोजच्या रोज धरून सोडण्याचं काम भिंतीचे आतले चार इंचच करतात.

३. वजन आणि इन्सुलेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

एक इंच जाडीचा एक्सपीएसचा तक्ता (गुलाबी किंवा निळा, थर्माकोलपेक्षा घट्ट) उष्णतेला जितका अडवतो, तितकं अडवायला विटेची भिंत सुमारे दोन फूट जाड लागेल. पण त्या तक्त्यात उष्णता साठत जवळपास नाही. वीट, दगड, काँक्रीट, माती यांचं उलटं आहे. अडवतात कमी, साठवतात भरपूर.

साठवणं म्हणजे किती? आमच्या खोलीवरचा स्लॅब साधारण साडेतीन टनांचा आहे. सकाळच्या ३१ अंशांवरून संध्याकाळी तो ४२ वर जातो, तेव्हा त्यात सुमारे नऊ युनिट उष्णता भरलेली असते. एक किलोवॉटचा हीटर नऊ तास चालवल्यासारखं. त्यातली काही रात्री आकाशाकडे जाते, उरलेली खाली तुमच्या अंगावर. पंखा लावून ती जात नाही, पंखा फक्त तीच हवा फिरवतो.

म्हणून नियम असा: वजन आत, इन्सुलेशन बाहेर. उन्हाकडच्या बाजूला अडवणारा थर, खोलीकडच्या बाजूला साठवणारा थर. मग तोच साडेतीन टनांचा स्लॅब उन्हापासून तुटतो आणि खोलीशी जोडलेला राहतो. रात्रीच्या हवेने गार झालेला स्लॅब दुसऱ्या दिवशी खोलीतली ऊब ओढून घेतो.

हे उलटं केलं, म्हणजे छताला आतून थर्माकोल किंवा फॉल्स सीलिंग लावलं, तर पहिल्या संध्याकाळी फरक जाणवतो. डोक्यावर येणारी धग कमी होते, लोक खूश होतात. पण आता स्लॅबचं वजन खोलीच्या हिशोबातून बाहेर गेलं. वर तो आधीपेक्षा जास्त तापतो, आणि रात्री खिडक्या उघडून तो गार करायची सोय राहत नाही. भिंतींनाही आतून तेच केलंत तर विटेचं घर पत्र्याच्या खोलीसारखं वागू लागतं, दार उघडलं की तापतं. शिवाय साधा थर्माकोल पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. स्वयंपाकघरात तो अजिबात नको.

याला दोन रास्त अपवाद आहेत. पत्र्याच्या छताला वजनच नाही, तेव्हा आतून इन्सुलेशन लावून काही गमवावं लागत नाही. आणि जी खोली फक्त रात्री एसी लावून झोपायला वापरता, तिथे आतून लावलेला थर सोयीचा, कारण एसीला आधी टनावारी काँक्रीट गार करत बसावं लागत नाही.

४. छतापासून सुरुवात करा

आपण १७ अक्षांशाच्या आसपास आहोत. मेच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसं पडत नाही, सगळा मारा छतावर. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर इथे घाला.

सर्वांत स्वस्त उपाय पांढरा रंग. जुना करडा स्लॅब पडलेल्या उन्हातलं निम्म्याहून बरंच जास्त ऊन पितो, ताजा पांढरा चुना पाचव्या हिश्शाच्या आसपास. स्लॅब झाडून धुवा, चुना रात्रभर भिजवून गाळून घ्या, त्यात डिंक घाला म्हणजे हाताला लागणार नाही, आणि संध्याकाळी दोन हात द्या. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच, ओला चुना डोळ्यात गेला तर इजा होते. आपल्याकडची धूळ आणि पाऊस यांनी तो वर्षात मळतो, म्हणून दर फेब्रुवारीत परत लावायचा. छताचं पाणी टाकीत घेत असाल तर पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्या.

चंदेरी रंगाला भुलू नका. तो ऊन परतवतो, पण रात्री आकाशाकडे उष्णता फेकण्यात पांढऱ्यापेक्षा कमी पडतो. कोरड्या भागातलं निरभ्र आकाश हा आपला फुकटचा कूलर आहे, त्याचा फायदा चुन्याला मिळतो, चंदेरी रंगाला पुरेसा नाही.

कायमचा उपाय करायचा असेल तर स्लॅबच्या वर एक्सपीएस. आधी गळती आणि उतार तपासा, वॉटरप्रूफिंग दुरुस्त करा. त्यावर तक्ते घट्ट भिडवून, सांधे एकाआड एक ठेवून टाका आणि सांध्यांवर टेप मारा. वर प्लॅस्टिकचा कागद, मग जाळी घालून दीड-दोन इंच काँक्रीट, आणि शेवटी पांढरा चायना मोझॅक. उघड्या स्लॅबच्या तुलनेत खाली येणारी उष्णता कागदावर एका इंचाने चौथ्या हिश्शाच्या आसपास येते आणि दोन इंचांनी सहाव्या-सातव्या. पहिला इंच सर्वांत जास्त काम करतो. बजेट तंग असेल तर एका इंचावर थांबा, त्यात काही बिघडत नाही.

गच्चीवर माती पसरणं किंवा उलटी मडकी रचून कोबा करणं हे उपाय चालतात, पण वजनाचा विचार करूनच. चार इंच ओली माती चौरस मीटरला पावणेदोनशे ते दोनशे किलो भरते, आणि वापरात असलेल्या गच्चीवर माणसं-सामान धरून साधारण १५० किलोचा भार गृहीत धरलेला असतो. एक्सपीएसवरचं दीड-दोन इंची काँक्रीटही शंभरेक किलोच्या घरात जातं. डिझाइनचा कागद इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक घमेलंही वर चढवू नका.

या वर्षी काहीच जमत नसेल तर गच्चीपासून दोन-तीन फूट उंच शेडनेट ताणा. खालून वारा जायला हवा, नेट स्लॅबला चिकटलं तर उपयोग निम्मा. उसाचं पाचट किंवा कडबा पसरणारेही आहेत. सावली होते, पण विडीची एक ठिणगी पुरते आणि वळिवात सगळं कुजून पाण्याच्या पाइपात अडकतं. मी तरी पसरणार नाही.

५. पश्चिमेची भिंत

इथे इन्सुलेशनच्या आधी सावली. भिंतीपासून वीतभर अंतर सोडून बांबूचा तट्टा किंवा शेडनेट उभं करा, म्हणजे तापलेली हवा मधल्या फटीतून वर निघून जाते. जागा असेल तर शेवगा लावा, तो दोन वर्षांत भिंत झाकतो. लिंबाला वेळ लागतो. छज्ज्याचा इथे फारसा उपयोग नाही, कारण चारनंतरचं ऊन तिरपं, छज्ज्याच्या खालून आत येतं.

सावली शक्य नसेल तर पलंग त्या भिंतीपासून हलवा. हसू नका, रात्री दहाला चाळीसच्या घरात गेलेल्या भिंतीपासून चार फूट लांब झोपण्याने बराच फरक पडतो.

६. रात्र वाया घालवू नका

हा टप्पा फुकट आहे आणि सर्वांत जास्त चुकवला जातो. वर छतावर कितीही खर्च करा, रात्री घर बंद ठेवलं तर वजनाला रिकामं व्हायला वाटच नाही. मग दुसऱ्या दिवशी ते आधीच भरलेलं असतं.

किती हवा लागते ते याच खोलीसाठी बघू. चारही भिंतींचे आतले चार इंच धरले तर साडेसहा टन वीट होते. ती तीन अंशांनी गार करायला साधारण पावणेपाच युनिट उष्णता बाहेर न्यावी लागते. बाहेरची हवा सरासरी पाच अंशांनी गार आहे आणि आपल्या हातात आठ तास आहेत असं धरलं, तर खोलीतली सगळी हवा तासाला दहा वेळा बदलावी लागते. खोलीत ३४ घनमीटर हवा, म्हणजे ताशी ३४०. प्रत्यक्षात आत आलेली सगळी हवा भिंतींना नीट चाटून जात नाही, म्हणून दुप्पट, ताशी ७०० धरा. नऊ ते बारा इंची एक्झॉस्ट फॅन एवढी हवा ओढतो. खोक्यावरचा आकडा बघून घ्या.

एक खिडकी उघडून हे होत नाही. हवा आत येण्याची जागा आणि बाहेर जाण्याची जागा वेगळी हवी, शक्यतो एक खाली, एक वर. जुन्या माळवदाला सवणे असायचं, गरम हवा तिथून निघून जायची. नव्या घरात जिन्याच्या टोपीचं दार रात्री उघडं ठेवलं तरी तेच काम होतं. चोर, डास आणि साप ही कारणं खरी आहेत. त्यासाठी ग्रिल आणि जाळी आधी बसवा. जाळीने हवा बरीच अडते, म्हणून खिडकी मोठी हवी किंवा फॅन हवा. खिडकीत बाहेरून बसवलेला कूलर असेल तर रात्री तोही बाहेरची हवा आत ढकलतो, मात्र समोरची खिडकी उघडी पाहिजे.

कधी उघडायचं? सूर्य मावळला म्हणून नाही. बाहेरचा थर्मामीटर आतल्यापेक्षा खाली गेला की उघडा. वरच्या आकड्यांच्या घरात ती वेळ सहा-सातच्या सुमाराला येते. सकाळी दोन्ही सारखे झाले की, साधारण साडेआठ-नऊला, सगळं बंद करा आणि पडदे ओढा. दुपारी "जरा वारं येऊ दे" म्हणून खिडकी उघडणारं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतं. ३९ अंशांचं वारं घेऊन रात्रभर केलेली कमाई तासाभरात जाते.

परिणाम पहिल्या रात्री मोजू नका, तीन-चार दिवस द्या. खूण अशी: पहाटे सहाला भिंतीची आतली बाजू आधीपेक्षा दोन-तीन अंश खाली दिसली की वजन रिकामं होतंय. हवा गार पण भिंत तशीच गरम असेल तर हवा फिरते आहे पण पुरेशी बदलत नाही, बाहेर जायची वाट शोधा.

७. नव्याने बांधणार असाल

बाहेरच्या भिंती आठ इंची एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या आणि आतल्या भाजक्या विटेच्या, खाली शहाबादी किंवा कडप्पा. यात अडवणं बाहेर होतं आणि साठवणं आत. सगळं घर एएसीचं केलं तर आत वजन फक्त स्लॅब आणि फरशीचं उरतं, तेव्हा स्लॅबच्या वर इन्सुलेशन आलंच पाहिजे.

जुन्यासारखं दगडामातीचं बांधायची हौस असेल तर दुसरी बाजू माहीत असू द्या. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सातारा जिल्ह्यातला, आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत माणसं गेली ती मुख्यतः जाड दगडी भिंती आणि वरच्या मातीच्या ओझ्याखाली. अशा भिंतीचे आतले आणि बाहेरचे दोन पदर मातीत सैल बसलेले असतात, हादऱ्याने फुगून सुटतात. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड, खिडक्यांच्या वरच्या पातळीला काँक्रीटचा सलग पट्टा आणि हलकं छत, हे तिन्ही नसेल तर उन्हाळ्याच्या गारव्यासाठी तसली भिंत बांधू नका.

८. कधी चालत नाही

मेच्या अखेरीस वळीव सुरू झाले की रात्रीचं तापमान खाली येईनासं होतं आणि हवेत दमटपणा येतो. मग रात्री घर उघडून मिळणारा फायदा घटतो. जूननंतर दिवस आणि रात्र यांतला फरक सहा-आठ अंशांवर आला की वजन जवळपास बेकार, तेव्हा पंखाच लागतो. छतावरचं इन्सुलेशन मात्र ऑक्टोबरच्या उन्हातही काम करतं. हिवाळ्यात सगळं वेळापत्रक उलटवा: दुपारी दक्षिणेच्या खिडक्या उघडून ऊन आत फरशीवर घ्या आणि संध्याकाळी पाचला बंद करा.